मूठ, चिमूट आणि मधला सांधा: हाताच्या पोझ लायब्ररीची पार्श्वभूमी

संगणकावरच्या पात्राच्या हाताचे ठरावीक आकार, म्हणजे पोझ, पुन्हा वापरता याव्यात म्हणून लायब्ररीत साठवतात. सुरुवातीला मी प्रत्येक प्रॉपसाठी, म्हणजे पात्र हातात धरतं त्या प्रत्येक वस्तूसाठी, वेगळी पोझ साठवायचो. लहान कप, मोठा कप, पेला, तांब्या असं करत यादी वाढतच गेली. मग कोणीतरी कपाचं मॉडेल थोडं जाड केलं आणि बोटं कपाच्या आत घुसली. चूक यादी करण्यात नव्हती. यादी वस्तूंची होती, पकडींची नव्हती, ही चूक होती.

पकडींची यादी करण्याचं काम अ‍ॅनिमेशनच्या कितीतरी आधी झालं होतं. पहिल्या महायुद्धात हात गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कृत्रिम हात बनवले जात होते. त्या कामातून 1919 मध्ये जॉर्ज श्लेझिंगर या अभियंत्याने हाताच्या पकडी मांडल्या. दंडगोल, गोल, बोटांची टोकं, आकड्यासारखी, तळव्याची आणि किल्ली धरावी तशी बाजूची, या सहा पकडी त्यांच्याच नावाने सांगितल्या जातात. कृत्रिम हाताला मोजकेच आकार देता येतात, म्हणून कुठले आकार पुरतील ते आधी ठरवावं लागलं. लायब्ररी बनवणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो.

1956 मध्ये जॉन नेपियर या ब्रिटिश शल्यविशारदाने हे आणखी सोपं केलं. त्यांच्या मते पकडी मुळात दोनच, ताकदीची आणि नेमकेपणाची. आपण त्यांना मूठ आणि चिमूट म्हणू. पकड वस्तूवरून ठरत नाही, कामावरून ठरते. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण आपण आधी अख्ख्या तळव्याने आवळून फिरवतो आणि ते सैल झालं की बोटांच्या टोकांवर घेतो. झाकण तेच, पकडी दोन. त्यामुळे पोझला ‘झाकण’ असं नाव दिलं की ती निम्म्या शॉटलाच उपयोगी पडते.

संगणकावरचा हात 1972 मध्ये आला. युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेऊन त्यावर सुमारे 350 बहुभुज आखले. तो हात उघडतो, मिटतो, पण वस्तू धरत नाही. धरण्याचा प्रश्न 1991 मध्ये हान्स रायप्केमा आणि मायकल जिरार्ड यांनी नीट सोडवला. वस्तूला साध्या भौमितिक आकारांत बसवायचं, आधीच साठवलेल्या पकडींतून एक निवडायची आणि मग बोटं मिटवत वस्तूला टेकवायची, अशी त्यांची रीत होती. आजच्या लायब्रऱ्यांच्या मुळाशी हीच विभागणी आहे: पोझ ढब देते, माप गणित जुळवतं.

ते गणित एका बोटावर बघू. इनव्हर्स कायनेमॅटिक्समध्ये बोटाचं टोक कुठे टेकवायचं ते आपण सांगतो आणि सांध्यांचे कोन सॉल्व्हर, म्हणजे हे गणित करणारा प्रोग्राम, काढतो. पण बोटाला तीन सांधे, त्यामुळे एकाच जागी टोक नेण्याचे मार्ग असंख्य. सॉल्व्हरला मोकळं सोडलं तर तो कुठलाही निवडतो, कधी सांधा उलटाही वाकवतो. म्हणून टोकाचा सांधा मधल्याच्या दोन तृतीयांश वाकतो, असं धरतात. समजा पेरं मुळाकडून 45, 25 आणि 20 मिलिमीटर आहेत. मधला सांधा 30 अंश वाकला की टोकाचा 20 अंश वाकतो आणि बोटाच्या मुळापासून टोकापर्यंतचं अंतर सुमारे 84 मिलिमीटर होतं. 60 अंशांना ते 68 होतं, 90 अंशांना जेमतेम 45. म्हणजे अंतर कळलं की मधल्या सांध्याचा कोन एकच उरतो. मग मुळाचा सांधा फिरवून दिशा जुळवायची. लक्ष्य 90 मिलिमीटरच्या पुढे असेल तर बोट ताठ होऊन हवेत राहतं. तसं दिसलं तर बोटाला दोष देऊ नये, मनगट वस्तूजवळ न्यावं.

चिमटीसाठी एवढं पुरतं, मुठीसाठी नाही. जाड पेला धरताना टोक बरोबर टेकतं, पण मधलं पेर पेल्याच्या भिंतीतून आरपार जातं, कारण सॉल्व्हरला फक्त टोक माहीत असतं. कॅमेऱ्यातून हे कधीकधी लपतं. पेल्याची मेश, म्हणजे बहुभुजांचा पृष्ठभाग, अर्धपारदर्शक करून बघितलं की लगेच सापडतं. मुठीत टोकाला लक्ष्य देतच नाहीत. लायब्ररीत प्रत्येक मुठीची उघडी आणि मिटलेली अशी जोडी ठेवतात. उघडीपासून सुरुवात करून आधी मुळाचा सांधा त्याचं पेर टेकेपर्यंत फिरवायचा, तो थांबला की मधला, मग टोकाचा. पेर टेकलंच नाही तर मिटलेल्या पोझच्या कोनावर थांबायचं. त्यामुळे बारीक काठी आणि जाड पेला एकाच जोडीत भागतात.

आता पोझ किती हव्यात? 1998 मध्ये सँटेलो, फ्लँडर्स आणि साख्टिंग या संशोधकांनी लोकांना 57 वस्तू डोळ्यांसमोर आणून त्या धरल्यासारखा हात करायला सांगितला. हातांच्या आकारांतला 80 टक्क्यांहून जास्त फरक फक्त दोन मुख्य घटकांत, म्हणजे सगळे सांधे एकत्र हलण्याच्या दोन ठरावीक रीतींत, मावला. त्यामुळे मी दहा-बारा जोड्यांवर थांबतो.

दोन तृतीयांशाचा नियम मात्र सगळीकडे चालत नाही. सुई घट्ट दाबून धरा आणि तर्जनीकडे बघा: मधला सांधा वाकलेला असतो आणि टोकाचं पेर उलट, मागे झुकलेलं. अशा दाबाच्या पकडींसाठी ती जोडणी सोडवून शेवटचा सांधा हातानेच फिरवावा लागतो, आणि ती पोझ लायब्ररीत वेगळ्या नावाने ठेवावी लागते.