फर्जंद म्हणजे मुलगाच का?

समजा, बीडमधल्या एखाद्या घरात जुन्या पेटीच्या तळाशी फारसी कागद सापडला. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात उर्दू येईपर्यंत कचेरीची भाषा फारसी होती, त्यामुळे मराठवाड्यात असे कागद निघतात. घरच्यांना एवढंच हवं असतं की जमीन कोणी दिली आणि कोणाला दिली, ते मराठीत सांगा. खऱ्या कागदाची भाषा जड असते. इथे समजायला सोपं जावं म्हणून तिचा गाभा मी दोन वाक्यांत मांडतो:

“ऊ जमीन रा बे फर्जंदश दाद. बाद अज शश माह मुर्द.”

‘जमीन’ ओळखीचीच. ‘दाद’ म्हणजे दिली, ‘शश माह’ म्हणजे सहा महिने, ‘मुर्द’ म्हणजे मरण आलं. शब्द सगळे सोपे आहेत, तरी पहिल्याच ‘ऊ’पाशी पेन थांबतं. ‘ऊ’ म्हणजे तो, आणि ‘ऊ’ म्हणजे तीही. फारसीत तिसऱ्या माणसासाठी हे एकच सर्वनाम आहे. आदराने ‘ईशान’ म्हटलं तरी बाई की पुरुष हे कळत नाही.

एरवी क्रियापदाकडे पाहून उलगडा झाला असता. आपल्याकडची दखनी बोली घ्या. तिच्यात ‘वो’ दोघांनाही चालतो, पण ‘वो आया’ की ‘वो आई’ हे ऐकलं की प्रश्न मिटतो. फारसी क्रियापद मात्र ‘दाद’ आणि ‘मुर्द’ एवढंच बोलतं. एकच माणूस आहे हे सांगतं, लिंग सांगत नाही. इंग्रजीत बरोबर उलटं आहे: क्रियापद मुकं, पण सर्वनाम बोलकं. आणि मराठीत दोन्ही बोलतात. म्हणून फारसीतून मराठीत येताना अडचण सगळ्यात मोठी होते. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९५९ मध्ये हे नेमकं मांडलं होतं: भाषांमधला खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसून, त्यांना काय सांगावंच लागतं यात असतो.

फारसी आधीपासून अशी नव्हती. प्राचीन फारसी ही संस्कृतची जवळची नातलग, आणि तिच्यात लिंगभेद होता. पुढे शब्दांची शेवटं झिजत गेली. लिंग त्या शेवटांतच राहत असल्यामुळे मध्य फारसीपर्यंत तेही गेलं. मराठीने मात्र तिन्ही लिंगं टिकवली.

आता कागदाकडे परत. सर्वनाम बोलत नसेल तर बाकीचा कागद बोलतो का, हे आधी पाहायचं. नावापुढे ‘वल्द’ असेल तर तो कोणाचा तरी मुलगा, ‘बिन्त’ असेल तर मुलगी, ‘जौजा’ असेल तर बायको. हाच ‘जौजा’ आपल्या कागदांत ‘जौजे’ होऊन आला. नावाआधी ‘मुसम्मात’ असेल तर ती बाईच. ‘मरहूम’ आणि ‘मरहूमा’ हा फरकही कामाला येतो, कारण हे शब्द अरबीतून आलेत आणि येताना तिथलं स्त्रीलिंग बरोबर घेऊन आलेत.

इथेच एक फसगत होते. ‘मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला, ‘मजकूरा’ म्हणजे वर सांगितलेली. मग ‘मजकूरा’ दिसलं की बाई सापडली, असं वाटतं. पण अरबी वळणाने अनेकवचनी वस्तूंनाही हेच रूप लागतं. ‘अराजी-ए-मजकूरा’ म्हणजे सदर जमिनी. तिथे बाईचा काही संबंध नाही. म्हणून तो शब्द कोणत्या नामाला चिकटला आहे, हे ओळीवर बोट ठेवून तपासायला हवं. शिवाय साधं ‘मजकूर’ दिसलं म्हणजे पुरुषच, असंही नाही. फारसीत हा मेळ पाळण्याची सक्ती नसते.

कधी कधी आकडेच उत्तर देतात. मृत्यूनंतरची वाटणी असेल, मागे फक्त लेकरंच असतील आणि वाटणी शरियतप्रमाणे झाली असेल, तर मुलाला मुलीच्या दुप्पट हिस्सा मिळतो. तीन ‘फर्जंद’ आणि ४० बिघे जमीन १६, १६ आणि ८ अशी वाटलेली दिसली, तर दोन मुलगे आणि एक मुलगी, हे सर्वनामाशिवाय कळतं. जिवंतपणी दिलेल्या बक्षिसाला हा हिशोब लागू नाही. तिथे देणारा माणूस कोणाला किती देईल, हे त्याच्या मर्जीवर असतं.

आता सगळ्यात मोठा धोका ‘फर्जंद’ या शब्दाचा. हा शब्द मराठीतही आहे आणि तो कानावर पडताच आपल्या डोळ्यांसमोर मुलगा उभा राहतो. फारसीत मात्र फर्जंद म्हणजे अपत्य, मुलगा किंवा मुलगी कोणीही. भाषांतरात सहज ‘मुलाला दिली’ लिहिलं, तर कदाचित एका मुलीचा हक्क तिथेच पुसला जाईल. कागदात खूण नाही आणि आपण तर्काने ती घातली, ही चूक मला अक्षम्य वाटते.

खूण सापडलीच नाही तर काय? इंग्रजीत वाट सोपी आहे. तिथे एका व्यक्तीसाठी अनेकवचनी ‘दे’ वापरण्याची रीत १४ व्या शतकापासून आहे. २०१९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेनेही ती मान्य केली. पण त्यात एक नुकसान आहे: फारसीने ठामपणे एकच माणूस सांगितला होता, इंग्रजीत एक की अनेक असा नवा प्रश्न तयार होतो.

मराठीत थेट शब्द नाही, पण व्याकरणात आडोसे आहेत. आदरार्थी ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे असले, तरी विभक्ती लागली की दोघांचं ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ एकच होतं. त्यातून भूतकाळात ‘दिली’ हे रूप देणाऱ्याकडे बघतच नाही, ते जमिनीकडे बघतं. म्हणून पहिलं वाक्य बिनधोक जमतं: “त्यांनी जमीन अपत्याला दिली.” दुसऱ्या वाक्यात ‘वारले’ किंवा ‘वारल्या’ लिहिलं की बिंग फुटतं. तिथे क्रियेचं नाम करायचं: “त्यांचे निधन झाले.” आता ‘झाले’ निधनाशी जुळतं आणि माणूस झाकलेला राहतो. भविष्यकाळही असाच सोयीचा आहे: ‘येईल’ तोही, तीही.

‘अपत्य’ऐवजी आपलं ‘लेकरू’ मला जास्त आवडतं. मराठवाड्यात आईला चाळिशीचा मुलगाही लेकरूच असतो आणि मुलगीसुद्धा. पण पुढच्या वाक्यात ‘त्याला’ लिहिलं, की नपुंसकलिंगाचं रूप पुल्लिंगासारखंच असल्यामुळे वाचणारा पुन्हा मुलगाच समजतो. त्यामुळे सर्वनाम टाळून ‘लेकराला’ हेच पुन्हा लिहावं लागतं. ‘व्यक्ती’चंही तसंच. शब्द दोघांसाठी, पण पुढे ‘ती’ आली की बाई उभी राहते.

एक गाठ अजून उरते. ‘फर्जंदश’मधला ‘श’ म्हणजे त्याचं किंवा तिचं, पण ते देणाऱ्याचंच असेल असं नाही, तिसऱ्याच कोणाचं असू शकतं. स्वतःचंच असं सांगायला फारसीत ‘फर्जंद-ए-खुद’ म्हणतात. म्हणून ‘आपल्या अपत्याला’ लिहिणं हाही एक निर्णयच, आणि ‘त्यांच्या’ हा शब्द ही शंका तशीच ठेवतो. एवढं सगळं करून घरच्यांच्या हाती जे द्यायचं ते असं:

“त्यांनी जमीन त्यांच्या अपत्याला दिली. सहा महिन्यांनी त्यांचे निधन झाले. (टीप: मूळ फारसीत जमीन देणारी व्यक्ती एकच आहे. देणारी व्यक्ती व अपत्य स्त्री की पुरुष, अपत्य देणाऱ्याचेच की दुसऱ्या कोणाचे, आणि निधन दोघांपैकी कोणाचे, हे कागदावरून ठरत नाही. ‘त्यांनी’ आणि ‘त्यांचे’मधला आदर भाषांतरकाराचा आहे.)”