व्हँकूव्हर संदर्भशैली

वैद्यकीय शोधनिबंधात आधारलेखांचा निर्देश अंकांनी करण्याची आणि त्याच अंकक्रमाने निबंधाच्या शेवटी संदर्भसूची देण्याची पद्धत. कॅनडातील व्हँकूव्हर शहरी जानेवारी १९७८ मध्ये सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांची बैठक झाली. हस्तलिखित कसे असावे याविषयी त्यांनी ठरवलेल्या अटी १९७९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या, म्हणून शैलीचा आरंभ कोणी पहिल्या वर्षापासून मानतात, तर कोणी दुसऱ्यापासून. या गटाचा विस्तार होऊन पुढे ‘आयसीएमजेई’ ही संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. मजकुरात अंक घालण्याचा प्रघात मात्र बैठकीहून जुना आहे, आणि सूचीतील नोंदींचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने तयार केलेला होता. त्यामुळे या संपादकांनी नवी शैली निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा प्रचलित रीतींना एकरूपता आणली असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

शैलीचा कणा असा, की अंक हा त्या लेखाच्या प्रथमोल्लेखाचा क्रम असतो. आडनाव किंवा प्रकाशनवर्ष यांवरून तो ठरत नाही. एकदा मिळालेला अंक त्या निबंधापुरता कायम राहतो. तोच लेख दहा ठिकाणी आला तरी दहाही ठिकाणी तोच अंक पडतो आणि सूचीत त्याची नोंद एकदाच येते. ‘उपरोक्त’सारख्या खुणांची म्हणूनच गरज पडत नाही.

सर्वाधिक चुका तक्त्यांपाशी होतात. केवळ तक्त्यात किंवा आकृतीच्या मथळ्यात आलेल्या लेखाचा अंक, मजकुरात त्या तक्त्याचा किंवा आकृतीचा उल्लेख प्रथम जेथे येतो, त्या जागेवरून ठरतो. समजा, परळच्या एखाद्या रुग्णालयातील निवासी डॉक्टरने पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिसवर निबंध लिहिला. प्रस्तावनेत १ आणि २, पद्धतीच्या भागात ३ हे संदर्भ आले. निरीक्षणांच्या पहिल्याच वाक्यात ‘तक्ता १ पाहा’ असे आहे व त्या तक्त्यात तुलनेसाठी पूर्वीचे दोन अभ्यास घेतले आहेत. त्यांना ४ आणि ५ मिळतात. चर्चेतील पहिला नवा संदर्भ ६ होतो, आणि प्रस्तावनेतला पहिला लेख चर्चेत पुन्हा आला तर तेथेही १ च लिहायचा. हस्तलिखितात तक्ते शेवटच्या पानांवर जोडलेले असतात. संदर्भ लावणारी संगणकप्रणाली पानांच्या क्रमानेच मोजत जाते, त्यामुळे चर्चेतील संदर्भाला ४ आणि तक्त्यातल्यांना त्यानंतरचे अंक पडतात. पडद्यावर सारे नीटनेटके दिसते, म्हणून ही चूक सहज लक्षात येत नाही.

परीक्षकाच्या सूचनेवरून पद्धतीच्या भागाच्या आरंभी एक लेख वाढवला, तर तो ३ होतो, पूर्वीचा ३ हा ४ होतो व पुढचे सर्व एकेकाने सरकतात. १ आणि २ तसेच राहतात. आकृती चित्र म्हणून चिकटवलेली असेल तर तिच्यावर छापलेला अंक सरकत नाही, तो हातानेच बदलावा लागतो. तपासण्याची सोपी रीत म्हणजे पेन्सिल घेऊन मजकूर सलग वाचावा आणि तक्त्याचा प्रथम उल्लेख येताच त्या तक्त्यातील अंकही तेथेच वाचावेत. नवा दिसणारा प्रत्येक अंक आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या अंकाहून नेमका एकने मोठा असला पाहिजे. एकच लेख दोन सूचींमधून दोनदा आयात झाल्यामुळे त्याला दोन अंक पडण्याचा दोष या रीतीने सापडत नाही. त्यासाठी सूचीतील शीर्षके ताडून पाहावी लागतात.

सूचीतील नोंदीचा साचा फुप्फुसाच्या कर्करोगावरील प्रसिद्ध लेखावरून कळतो:

```
Doll R, Hill AB. Smoking and carcinoma of the lung; preliminary report. Br Med J. 1950;2(4682):739-48.
```

आडनाव आधी, आद्याक्षरे बिंदूंविना, आणि पृष्ठांकात `748` ऐवजी `48`. नियतकालिकाचे संक्षिप्त नाव मनाने तयार करायचे नसते. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीतील रूप जसेच्या तसे घ्यावे लागते. अव्यये गळतात, शब्दांपुढे बिंदू येत नाहीत आणि एका शब्दाचे नाव आखडत नाही, म्हणून `Lancet` पूर्णच राहते. मुंबईहून १९५५ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’चे रूप `J Postgrad Med` आहे, तर ‘जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया’चे `J Assoc Physicians India`, म्हणजे येथे ‘फिजिशियन्स’ हा शब्द आखडत नाही. अंदाजाने केलेली संक्षेपरूपे नेमकी अशा जागी फसतात.

नियतकालिकाने नाव बदलले असेल तर लेख छापला गेला त्या वेळचे नाव द्यावे. वरील लेख ज्यात आला त्याने १९८८ मध्ये `BMJ` हे नाव घेतले. तरीही १९५० च्या लेखापुढे `Br Med J` हेच योग्य, कारण जुने खंड त्या नावाखाली बांधलेले आहेत व ग्रंथपाल ते त्याच नावाने शोधतो.