ईसीजी नॉर्मल म्हणजे वारीला फिट?

"बाबांचा ईसीजी नॉर्मल आलाय, डॉक्टरांनी फिट लिहून दिलंय, मग आळंदी ते पंढरपूर चालत जायला हरकत नाही ना?"

अहो, तो ईसीजी पडून काढलेला असतो, चढावर हृदयाला किती झेपेल ते त्यात कळत नाही. आणि "फिट"च्या खालच्या अटी कोण वाचतंच नाही! समजा सत्तरीचे, स्टेंट टाकलेले बाबा, तर त्यात असं असू शकतं: सपाटीवर दमानं चाला, दिवे घाट गाडीने, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. छातीत दाबल्यासारखं झालं तर आधी खाली बसा, मगच सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली (उभ्याने घेतली तर बीपी उतरून चक्कर येते), पाच मिनिटांत थांबलं नाही तर सरळ १०८.