वर्डच्या फाइलीत ओळी नसतातच

अहवाल आपल्या संगणकावर नेमका ४० पानांत बसतो. दुसरीकडे उघडला किंवा ऑनलाइन पीडीएफ केला की ४२ पानं होतात, आणि अनुक्रमणिकेत ३७व्या पानावर असलेलं प्रकरण ३८व्या पानावर गेलेलं असतं. दोष पीडीएफला दिला जातो, पण खरी गोष्ट वर्डच्या जन्माच्या आधीपासूनची आहे.

१९७४ च्या सुमारास झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ब्रॅव्हो नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम तयार झाला. पडद्यावर दिसेल तसंच कागदावर उतरावं, ही त्यामागची कल्पना. तो लिहिणाऱ्यांपैकी चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आलं. पण 'दिसेल तसं' हे वचन एका यंत्रापुरतं होतं, त्याच यंत्राला जोडलेल्या प्रिंटरपुरतं. अक्षरांची रुंदी प्रिंटरच्या ठिपक्यांच्या हिशेबाने मोजली जायची, त्यामुळे ऑफिसात प्रिंटर बदलला की पानं सरकायची. त्या काळाची खूण फाइलीत अजून आहे: docx मध्ये `usePrinterMetrics` नावाची सेटिंग आहे.

मुळात वर्डच्या फाइलीत मजकूर असतो, फॉण्टचं नाव असतं, आकार आणि समास असतात. कोणती ओळ कुठे तुटते, हे मात्र नसतं. ते प्रत्येक संगणक फाइल उघडताना नव्याने ठरवतो. फाइल झिप म्हणून उघडून document.xml पाहिलं, तर `lastRenderedPageBreak` अशी खूण अधूनमधून दिसते. मागच्या वेळी पान इथे तुटलं होतं, एवढीच ती आठवण. पान पुन्हा तिथेच तोडायला ती कुणालाही बांधत नाही.

पीडीएफ याच्या अगदी उलटं. अ‍ॅडोबीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये 'कॅमलॉट' नावाचं टिपण लिहिलं आणि १९९३ मध्ये पीडीएफ आलं. त्यात अक्षरं पानावरच्या ठरलेल्या जागी ठेवलेली असतात आणि बहुधा फॉण्टही फाइलीतच भरलेला असतो. म्हणजे पीडीएफ ओळी सरकवत नाही. रूपांतर करणारा प्रोग्रॅम आधी स्वतःचा हिशेब मांडतो आणि पीडीएफ तो गोठवतं. त्याच संगणकावर वर्डमधूनच पीडीएफ केलं तर सहसा काही हलत नाही. लिबरऑफिस, फोन किंवा एखादं संकेतस्थळ मध्ये आलं की हिशेब दुसऱ्याचा.

हा हिशेब सगळ्यांनी सारखा मांडावा म्हणून docx चं प्रमाणीकरण झालं, तेव्हा बराच वाद पेटला. मसुद्यात `autoSpaceLikeWord95` यासारख्या सेटिंग्ज होत्या, पण वर्ड ९५ नेमकं काय करायचं, हे बाहेरच्याला कळेल असं लिहिलेलं नव्हतं. भारताने विरोधात मत दिलं होतं. तरी २००८ मध्ये ते आयएसओ प्रमाण झालं.

मराठीत सगळ्यात जास्त घोळ फॉण्टचा होतो. वर्ड देवनागरीसाठी फॉण्ट आणि आकार वेगळ्या खणात ठेवतं:

```
<w:rFonts w:ascii="Calibri" w:cs="Mangal"/>
<w:sz w:val="22"/><w:szCs w:val="24"/>
```

आकडे अर्ध्या पॉइंटात आहेत. म्हणजे इंग्रजी ११ पॉइंट, मराठी १२. मंगल हा वर्षानुवर्षं विंडोजसोबत आपोआप यायचा. विंडोज १० पासून तो ऐच्छिक फॉण्टांत गेला. नव्या संगणकात तो नसला की त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉण्ट येतो, बहुधा निर्मला, आणि ओळीची उंची बदलते.

आता गणित बघा. ए४ ची उंची ८४२ पॉइंट. वरखाली एकेक इंच सोडला की ६९८ उरतात. ओळ २० पॉइंटांची असेल तर पानात ३४ ओळी, २१ ची झाली तर ३३. सलग मजकुराच्या ४० पानांत १३६० ओळी. त्यांना ३३ने भागलं की ४१ पानं भरून ४२वं सुरू होतं. ३७व्या पानाच्या माथ्यावरचं प्रकरण १२२४ ओळींनंतर येतं. नव्या हिशेबात ते ३८व्या पानावर, तीन ओळींखाली. अनुक्रमणिकेतले आकडे अद्ययावत करेपर्यंत जुनेच राहतात, म्हणून तिथे ३७ तसंच दिसतं.

फॉण्ट बदलला का, हे पीडीएफच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या फॉण्टच्या यादीत दिसतं. लिनक्सवर यासाठी एक ओळ पुरते:

```
pdffonts ahwal.pdf
```

यादीत Mangal नसेल तर फॉण्ट बदललाय. असेल आणि तरी पानं हलली असतील, तर आधी कागद बघा. लेटर कागद ए४ पेक्षा ५० पॉइंटांनी आखूड असतो, म्हणजे त्याच २० पॉइंटांच्या ओळी त्यात ३२च बसतात.