इंग्रजी उपपदे आणि मराठी भाषक

इंग्रजीत नामाआधी येणाऱ्या ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या शब्दांना उपपदे म्हणतात. शाळेत त्यांना सरसकट आर्टिकल म्हटले जाते. मराठीत उपपदे नाहीत, पण ती जो भेद दाखवतात तो मराठीतही आहे. ‘आम्ही मुलगी शोधतोय’ म्हटले की लग्नाची खटपट कळते, ‘आम्ही मुलीला शोधतोय’ म्हटले की कुणीतरी हरवले आहे. इंग्रजीत पहिली ‘अ गर्ल’, दुसरी ‘द गर्ल’. ‘बागेत मुलगा आहे’ आणि ‘मुलगा बागेत आहे’ यांत हेच काम शब्दांचा क्रम करतो. प्रत्यय आणि क्रम नकळत वापरले जातात, म्हणून इंग्रजी बोलताना नामाआधीची जागा रिकामी राहते.

उपपद निवडताना आधी पाहायचे, की नेमकी कोणती वस्तू हे ऐकणाऱ्याला कळेल का? कळत असेल तर ‘द’. ‘काल घड्याळ घेतलं, आज पट्टा तुटला’ या वाक्यात घड्याळ ऐकणाऱ्याला नवे, म्हणून ‘अ वॉच’. पट्ट्याचा उल्लेखही पहिलाच, तरी ‘द स्ट्रॅप’. कारण पट्टा त्याच घड्याळाचा हे उघड आहे. ‘पहिल्यांदा अ, नंतर द’ हा पाठ केलेला नियम इथेच फसतो.

वस्तू ठरलेली नसेल आणि नाम मोजता येणारे, एकवचनी असेल, तर ‘अ’ किंवा ‘ॲन’ हवेच. ‘तो डॉक्टर आहे’चे ‘ही इज डॉक्टर’ होते ते हे विसरल्याने. अनेकवचन किंवा न मोजता येणारे नाम असेल तर काहीच नको. मात्र काय मोजायचे हे इंग्रजी ठरवते. मराठीत एक बातमी आणि एक सल्ला चालतो; इंग्रजीत ‘अ न्यूज’ आणि ‘ॲन ॲडव्हाइस’ दोन्ही चूक, ‘अ पीस ऑफ न्यूज’ म्हणावे लागते.

‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवर नाही, पुढच्या उच्चारावर ठरते. शब्द देवनागरीत लिहून पाहिला की बहुतेक वेळा उत्तर मिळते: सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’. म्हणून ॲन अवर, ॲन एमएलए. पण अ युनिव्हर्सिटी, अ वन-वे रोड. एक शब्द मात्र दगा देतो. वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ लिहितो आणि ‘ॲन इयर’ म्हणून बसतो. त्याचा खरा उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ यिअर’. ‘ॲन इअर’ म्हणजे कान.

चुका टाळण्याच्या नादात पुढे ‘द’ नको तिथेही शिरतो: ‘द लाइफ इज हार्ड’. सर्वसाधारण आयुष्याबद्दल बोलताना तो नको. ‘द लाइफ ऑफ अ फार्मर’मध्ये हवा. विशेषनामांत नद्या आणि पर्वतरांगा ‘द’ घेतात, जसे द गोदावरी, द हिमालयाज. शहर, एकटे शिखर आणि सरोवर सहसा घेत नाहीत: नाशिक, माउंट एव्हरेस्ट, लोणार लेक.