निळ्या बशीचं वय

जुन्या वस्तूंच्या दुकानात निळी-पांढरी इंग्लिश बशी हातात घेतली की दुकानदार हमखास म्हणतो, “दोनशे वर्षांची आहे.” बशीवर बहुतेक वेळा विलो नक्षी असते. झुकलेलं झाड, पुलावरून चाललेली तीन माणसं, एक होडी, पुढे नागमोडी कुंपण आणि आकाशात समोरासमोर आलेले दोन पक्षी. दुकानदार अगदीच थाप मारत नसतो. ही नक्षी खरोखरच 1790च्या सुमाराला निघाली. फक्त ती नंतर कधी बंद पडली नाही. शेकडो कारखान्यांनी ती छापली, आजही छापली जाते. त्यामुळे नक्षीवरून एवढंच कळतं, की बशी 1790च्या आधीची नाही. पुढची सव्वादोनशे वर्षं मोकळीच राहतात, आणि ती कमी कमी करत आणायची तर छपाईची पद्धत आणि पाठीवरचा शिक्का बघावा लागतो.

आधी या बशा आल्या कुठून ते बघू. नक्षी चिनी दिसली तरी चीनशी त्यांचा संबंध नकलेपुरता. पक्ष्यांच्या रूपाने उडून गेलेल्या प्रेमिकांची जी गोष्ट विलो नक्षीला चिकटली आहे, तीही इंग्लंडातच रचलेली आहे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं चहाबरोबर चिनी पोर्सेलीनही लंडनला आणत. 1784 साली इंग्लंडने चहावरची जकात 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली आणि चहा साध्या घरांत शिरला. कपबश्यांची मागणी वाढली. नेमक्या त्याच सुमाराला स्टॅफर्डशायर परगण्यातल्या स्टोक गावी जोसाया स्पोड या कुंभाराने पांढऱ्या भाजक्या मातीच्या भांड्यांवर झिलईखाली निळी छपाई करायचं तंत्र बसवलं. 1791 मध्ये कंपनीने चिनी भांडी घाऊक आणणं थांबवलं आणि स्टॅफर्डशायरला बाजार मोकळा मिळाला. ही भांडी पोर्सेलीनची नव्हेत. उजेडासमोर धरून मागे बोट फिरवलं तर पोर्सेलीनमधून बोटाची सावली दिसते, यांच्यातून दिसत नाही.

आता छपाई. नक्षी आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरत. पत्रा गरम करून कोबाल्टचा रंग तेलात कालवून त्यावर चोळायचा, वरचा रंग खरवडून पुसून टाकायचा, म्हणजे तो फक्त कोरलेल्या खाचांत उरतो. त्यावर साबणाच्या पाण्यात भिजवलेला पातळ टिश्यू कागद ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांतून काढला की नक्षी कागदावर उठते. मग बायका आणि पोरी तो कागद कापून एकदा भाजलेल्या, अजून झिलई न दिलेल्या बशीवर लावत आणि ताठ ब्रशने घासघासून रंग मातीत उतरवत. कागद पाण्यात सुटून येई. बशी मंद भट्टीत घालून तेल जाळायचं, मग झिलईत बुडवून पुन्हा भाजायचं.

ही हातघाईची कामगिरी बशीवर खुणा सोडते. मधलं चित्र एका तुकड्यावर असे आणि काठाची नक्षी लांब पट्टीच्या तुकड्यांत. गोल काठावर सरळ पट्टी बसवताना टोकं जुळत नसत, म्हणून काठावर कुठेतरी फूल अर्धं कापलेलं किंवा वेल एकदम तुटलेली दिसते. कागदाला सुरकुती पडली तर तिथे पांढरी रेघ उरते. दुकानात मी आधी हा सांधा शोधतो. काठाची नक्षी अखंड, निर्दोष जुळलेली असेल तर मला संशय येतो.

निळाच रंग का, याचं उत्तर भट्टीत आहे. झिलईखाली राहून दुसऱ्या भाजणीचा ताप नीट सोसणारा रंग सुरुवातीला कोबाल्टच होता. हिरवा, गुलाबी, जांभळा, तपकिरी हे रंग झिलईखाली सर्रास दिसू लागले ते 1820च्या दशकाच्या शेवटी. म्हणून एकरंगी तपकिरी बशीला कोणी 1800ची म्हणत असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. दुसरी खूण कोरण्यात आहे. सुरुवातीच्या पत्र्यांवर फक्त रेघा असत. त्यामुळे चित्र गडद, जाड आणि जरा ठोकळेबाज दिसतं, छटा दाखवायची तर रेघा दाट करणं हाच उपाय. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून कोरणारे बारीक टिंबं मारून सावल्या उतरवू लागले. मऊ सावल्या आणि धूसर आकाश दिसलं तर बशी सहसा 1800नंतरची धरावी. अगदी शेवटचा टप्पा लिथोग्राफीच्या, म्हणजे न कोरता सपाट पृष्ठावरून छापलेल्या चिकटचित्रांचा, तो त्या शतकाच्या अखेरीस येतो. भिंगाखाली कोरल्याची रेघ सापडतच नाही, सपाट ठिपके दिसतात.

नक्षीच्या इतिहासात एक वळण भारताशी जोडलेलं आहे. चिनी देखाव्यांचा भर ओसरल्यावर कुंभार प्रवासवर्णनांतली चित्रं उचलू लागले. स्पोडने 1815च्या सुमाराला शिकारीच्या देखाव्यांची एक मालिका काढली. तिची चित्रं बंगालमधल्या शिकारीवरच्या, 1807च्या इंग्रजी पुस्तकातली होती. जेवणाच्या मोठ्या बशीवर भाल्यांनी घेरलेलं अस्वल आहे, इतर भांड्यांवर हत्ती, बिबटे, उसातून हाकललेलं अस्वल. प्रत्येक भांड्याच्या पाठीवर देखाव्याचं नाव छापलेलं असतं. हे सगळं खुशाल चालत होतं, कारण पुस्तकातलं चित्र भांड्यावर उतरवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. 1842 साली इंग्लंडमध्ये नक्षी-नोंदणीचा कायदा आला आणि उचलेगिरी अवघड झाली. त्यानंतरच्या बशांवर खऱ्या जागांऐवजी काल्पनिक तळी, किल्ले आणि कमानी वाढतात. पाठीवर ऐटदार नाव असतं, पण ती जागा नकाशात सापडेलच असं नाही.

याच कायद्याने बशीच्या पाठीवर एक शिक्का दिला, तो म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणी-खूण. वयाच्या हिशोबात एवढी नेमकी खूण दुसरी नाही. चौकटच्या वर एका छोट्या वर्तुळात रोमन चारचा आकडा असतो, म्हणजे मातीच्या भांड्यांचा वर्ग. आतल्या चार कोपऱ्यांत नोंदणीचं साल, महिना, तारीख आणि गठ्ठ्याचा क्रमांक. साल आणि महिना अक्षरांत, बाकी आकड्यांत. आणि इथेच लोक फसतात, कारण 1842 ते 1867 या काळात सालाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात होतं, तर 1868 ते 1883 मध्ये ते उजवीकडे गेलं. अक्षरं मात्र तीच पुन्हा वापरली. ओळखायचं सोपं आहे. वरच्या कोपऱ्यात अक्षर असेल तर पहिला काळ, आकडा असेल तर दुसरा.

एक बशी नमुन्याला घेऊ. नऊ इंची, तपकिरी छपाई, समोर एका बाजूला कललेली बांबूची फांदी, एक पंखा आणि एक पक्षी, बाकी बरीच जागा रिकामी. पाठीवर चौकट. वर 6 हा आकडा, उजवीकडे ‘जे’ हे अक्षर, खाली ‘आर’, डावीकडे गठ्ठ्याचा क्रमांक. वर आकडा आहे, म्हणजे दुसरा काळ. ‘जे’ म्हणजे 1880, ‘आर’ म्हणजे ऑगस्ट, तारीख 6. हेच ‘जे’ वरच्या कोपऱ्यात असतं तर साल 1854 निघालं असतं, एका कोपऱ्याच्या चुकीने 26 वर्षांचा फरक. पुढची बाजूही साक्ष देते. जपानी धर्तीची ही एका अंगाला झुकलेली मांडणी 1870 आणि 1880च्या दशकांची लाट होती. 1854मध्ये अशी बशी निघणं कठीण.

पण 1880 हे नक्षी नोंदवल्याचं साल, बशी भाजल्याचं नव्हे. नक्षीला संरक्षण जेमतेम तीन वर्षांचं असे, पण कोरलेला तांब्याचा पत्रा महाग, तो कारखाना झिजेपर्यंत वापरी. आता चौकटच्या खाली बारीक अक्षरांत ‘इंग्लंड’ असं छापलेलं दिसलं. अमेरिकेने एका जकात कायद्यान्वये 1891च्या मार्चपासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि स्टॅफर्डशायरचा मोठा गिऱ्हाईक अमेरिकाच होता. म्हणजे ही प्रत 1891 नंतरची धरायला हवी. ‘मेड इन इंग्लंड’ असतं तर मी तिला विसाव्या शतकात नेलं असतं. तसं नाही, म्हणून साधारण 1891 ते पहिल्या महायुद्धापर्यंत. यापेक्षा नेमकं सांगायचा मोह मी टाळतो. उलटा तर्कही करू नये. ‘इंग्लंड’ नाही म्हणून बशी 1891च्या आधीची, असं होत नाही. देशांतर्गत विकायच्या मालाला ती अट नव्हती.

चौकट 1883 अखेर बंद झाली आणि 1884पासून साधा नोंदणी क्रमांक सुरू झाला, 1पासून चढत. 1900 सालच्या आरंभी तो साडेतीन लाखांच्या पुढे होता, त्यामुळे क्रमांक वाचूनच अंदाज येतो. राजचिन्हाचा शिक्का असेल तर ढालीच्या मधोमध आणखी एक छोटी ढाल आहे का ते बघा. ती हॅनोव्हरची. 1837 साली व्हिक्टोरिया गादीवर आली आणि स्त्रीला हॅनोव्हरचं राज्य मिळत नसल्यामुळे छोटी ढाल गळली. आत नुसती चार घरं असतील तर शिक्का त्यानंतरचा.

आपल्याकडच्या खरेदीत एक भानगड वेगळी असते. आशियाच्या बाजारात हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या पेट्रस रेगू कारखान्याचा माल भरपूर आला. शिक्क्यात स्फिंक्स दिसला तर ही इंग्रजी कायद्यांची फूटपट्टी बाजूला ठेवावी.

आणि ‘वेजवुड’ हे नाव वाचून हुरळू नये. थोरला जोसाया वेजवुड हा नामांकित इंग्रज कुंभार, त्याच्या कारखान्याचा ठसा सहसा मातीतच दाबलेला, आणि नाव नुसतं ‘वेजवुड’. ‘वेजवुड अँड कंपनी’ हा टन्स्टॉल गावचा निराळा कारखाना, 1860पासूनचा. ‘जे. वेजवुड’ छापणारा तर जॉन वेज वूड नावाचा तिसराच कुंभार. वेज आणि वूड ही दोन नावं त्याने शिक्क्यात अशी जोडून बसवली, की गिऱ्हाईकाने थोरल्याचं नाव वाचावं.