वेग कमी आला, पण कोणत्या करेक्शनमुळे?

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये अनुनाद नळीचा प्रयोग तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: ‘एंड करेक्शन व तापमान यामुळे ध्वनीचा वेग अपेक्षेपेक्षा कमी आला.’ दोन्ही कारणं एका दमात, मधे ‘व’ घालून. विद्यार्थ्याला वाटतं, दोन्ही करेक्शनच आहेत, त्यातलं एक तरी लागू पडेलच. प्रत्यक्षात या दोन गोष्टी हिशेबाच्या दोन वेगळ्या टोकांना बसलेल्या असतात. एक तुम्ही मोजलेल्या लांबीला लागते, दुसरी तुम्ही ज्या आकड्याशी तुलना करता त्याला. गंमत अशी की नेहमीच्या नळीवर आणि आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला दोघींच्या गोंधळातून जवळजवळ एकच चुकीचं उत्तर येतं. म्हणून नुसतं उत्तर बघून चूक कुठे झाली ते ओळखता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. नादकाटा 512 हर्ट्झचा. नळी खालून पाण्याने बंद, पाणी खाली उतरवलं की वरचा हवेचा स्तंभ लांबतो; तिचा आतला व्यास 3 सें.मी. खोलीचं तापमान 27 अंश. पहिला अनुनाद हवेच्या स्तंभाची लांबी 16.0 सें.मी. असताना मिळाला, दुसरा 49.6 सें.मी.ला. अपेक्षित वेग किती? शून्य अंशाला सुमारे 331 मीटर प्रतिसेकंद, आणि पुढे दर अंशाला साधारण 0.6 ची वाढ. म्हणजे 27 अंशाला 347.

पहिली विद्यार्थिनी फक्त पहिला अनुनाद वापरते. बंद नळीत पहिल्या अनुनादाला लांबी तरंगलांबीच्या पाव असते, म्हणून v = 4nl₁. म्हणजे 4 × 512 × 0.160 = 327.7. अपेक्षेपेक्षा 19 मीटरहून जास्त कमी.

दुसरा विद्यार्थी दोन्ही अनुनाद वापरतो. v = 2n(l₂ − l₁), म्हणजे 2 × 512 × 0.336 = 344.1. इथपर्यंत छान. पण पुस्तकात ‘शून्य अंशाचा वेग काढा’ असं लिहिलेलं असतं म्हणून तो 344.1 ला 273/300 च्या वर्गमुळाने गुणतो आणि 328.2 लिहितो. मग शेजारच्या रकान्यात अपेक्षित वेग म्हणून 347 मांडतो. पुन्हा 19 मीटर कमी.

327.7 आणि 328.2. दोन्ही जर्नल शेजारी ठेवली तर तपासणाऱ्याला वाटेल, दोघांचा प्रयोग अगदी सारखा झाला. दोघांच्याही निष्कर्षात तेच ‘व’वालं वाक्य असतं.

आता पहिलीची कमतरता कुठून आली ते पाहू. नळीच्या तोंडाशी हवा एकदम मोकळी होत नाही. तोंडाच्या जरा बाहेरची हवाही आतल्या स्तंभाबरोबर पुढेमागे हलत असते, त्यामुळे सर्वात जास्त हालचालीची जागा नळीच्या काठावर नसून काठाच्या थोडी वर असते. हवेला जाणवणारी नळी आपल्या पट्टीला दिसणाऱ्या नळीपेक्षा लांब असते. ही जास्तीची लांबी म्हणजे एंड करेक्शन, साधारण व्यासाच्या 0.3 पट. आपल्या नळीला 0.9 सें.मी. ती मिळवली की 16.0 चे 16.9 होतात आणि वेग येतो 346.1. एकोणीसपैकी अठरा मीटर एका झटक्यात भरून निघाले. तिच्या निष्कर्षात एंड करेक्शन हे कारण अगदी बरोबर आहे, आणि तापमानाचा त्यात काही संबंध नाही.

दुसऱ्याच्या बाबतीत नेमकं उलटं. l₂ मध्येही तोंडाशी तेवढीच 0.9 सें.मी. कमी पडलेली असते आणि l₁ मध्येही तेवढीच. वजाबाकी केली की ती निघून जाते. दोन अनुनादांची पद्धत वापरतात तीच मुळी यासाठी. म्हणजे 2n(l₂ − l₁) लिहून खाली ‘एंड करेक्शन विचारात न घेतल्यामुळे वेग कमी आला’ असं लिहिणं हे स्वतःच्याच सूत्राला न वाचल्यासारखं आहे. मला सगळ्यात जास्त वाईट या ओळीचं वाटतं, कारण मुलाने प्रयोग उत्तम केलेला असतो आणि निष्कर्षात तो आपल्याच चांगल्या कामावर खोटा आळ घेतो. त्याची खरी चूक एवढीच की त्याने मोजलेला वेग शून्य अंशावर नेला आणि अपेक्षित वेग 27 अंशावर ठेवला. 344.1 ची तुलना 347 शी करा, नाही तर 328.2 ची तुलना 331 शी करा. दोन्हीकडे तूट तीन मीटरच्याच आसपास, म्हणजे एका टक्क्याच्या आत.

परवा तोंडी परीक्षेत एका मुलीने विचारलं, “सर, पण खोलीत गारवा असेल तर वेग कमी येणारच ना? मग तापमान लिहिलं तर काय बिघडलं?” प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, “किती गारवा लागेल ते काढून बघ.” तिने तिथेच वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. एकोणीस मीटरची तूट नुसत्या तापमानावर ढकलायची तर 19 ला 0.6 ने भागायचं, म्हणजे सुमारे 32 अंश. खोली 27 अंशावर असताना नळीतली हवा उणे पाच अंशावर असायला हवी होती. ती हसली आणि म्हणाली, “मग नळीतलं पाणी गोठलं असतं.”

निष्कर्ष लिहिताना हाच भागाकार कामाला येतो. कारण लिहायचं तर त्याच्यापुढे आकडा ठेवायचा: हे कारण खरं असेल तर वेग किती मीटरने हलेल, आणि कुठल्या दिशेने? एंड करेक्शन e विसरल्याने होणारी तूट 4ne एवढी असते, आपल्या नळीवर साधारण 18 मीटर. तापमान एका अंशाने चुकलं तर 0.6 मीटर. दोघांची मापं इतकी वेगळी आहेत की 19 ची तूट आणि 3 ची तूट यांना एकच कारण पुरणार नाही.

उरलेल्या तीन मीटरना मात्र तापमान खरंच जबाबदार असू शकतं, कारण त्यासाठी पाचच अंशांचा फरक लागतो. थर्मामीटर सहसा भिंतीवर टांगलेला असतो आणि आवाज धावतो नळीतल्या हवेत, पाण्याच्या अगदी वर. जलाशयात माठातलं किंवा नुकतंच नळाचं गार पाणी भरलं असेल तर नळीतली हवा खोलीपेक्षा गार असते. थर्मामीटर दोऱ्याला बांधून नळीत सोडा, पाण्याला न टेकवता दोन मिनिटं थांबा आणि मग वाचा. तिथे 24 अंश दिसले तर अपेक्षित वेग 345.4 होतो आणि तीन मीटरमधले जवळपास दोन तिथेच संपतात. इथेही दुरुस्ती अपेक्षित आकड्यातच होते. 344.1 ला कुणी हात लावत नाही.

बरेच जण ‘हवेतील आर्द्रतेमुळे वेग कमी आला’ असंही लिहितात. ते दिशेनेच चुकीचं आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवेत ध्वनी थोडा जास्त वेगाने जातो. 27 अंशाला पूर्ण दमट हवेत ही वाढ सुमारे दोन मीटर असते. नळीची भिंत मात्र उलट काम करते. भिंतीला लागून असलेल्या हवेचं घर्षण आणि उष्णतेची देवघेव यामुळे आपल्या नळीत वेग मोकळ्या हवेपेक्षा साधारण अर्ध्या टक्क्याने कमी असतो. हे दोन्ही एकमेकांना बरंचसं छेदतात, म्हणून बारावीच्या प्रयोगात त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आणि मुळात तीन मीटर ही तूट आहे का? अनुनादाची जागा कानाने ठरवताना पाण्याची पातळी दोन मिलिमीटर वरखाली होतेच. पातळी हळू उतरवत नेली की आवाज फुगत जातो आणि मग विरतो, पण नेमका कळस कुठला हे दर वेळी थोडं वेगळं वाटतं. दोन वाचनांत मिळून चार मिलिमीटर चुकले तर 33.6 सें.मी.मध्ये ते सव्वा टक्का होतात, म्हणजे चार मीटर. तेव्हा 344 अधिक-उणे 4 आणि अपेक्षित 347. हे आकडे जुळतात. अशा वेळी कारण शोधून लिहिण्यापेक्षा ‘मापनाच्या अनिश्चिततेत जुळते’ लिहिणं जास्त खरं. एका लांबीच्या पद्धतीत 19 ची तूट या चार मीटरच्या कितीतरी बाहेर जाते, म्हणून तिला कारण द्यावंच लागतं.

जर्नल हातात नसेल, नुसतं उत्तर असेल, तर चूक कुणाची हे नादकाटा बदलून कळतं. पहिलीने एका लांबीने 256 हर्ट्झचा काटा वापरून वेग काढला तर तूट निम्मी होईल, साधारण 9 मीटर, कारण लांबी दुप्पट झाली तरी एंड करेक्शन तेवढंच राहतं. म्हणजे जसजसा काटा खर्जातला, तसतसा वेग वर चढत जाईल. दुसऱ्याची तूट कुठल्याही काट्याला तशीच 19 राहील, कारण तापमानाची गल्लत काट्याला ओळखत नाही. संचातले चार-पाच काटे घेऊन l₁ विरुद्ध 1/n आलेख काढला तर हे डोळ्यांनी दिसतं. रेषेचा उतार v/4 असतो आणि ती y-अक्षाला शून्याखाली छेदते. ते शून्याखालचं अंतर म्हणजे एंड करेक्शन. दोन अनुनाद घेतलेल्या मुलाला आलेखाचीही गरज नाही. त्याच्या वाचनांतून (l₂ − 3l₁)/2, म्हणजे 0.8 सें.मी. मिळतात, आणि व्यासावरून अपेक्षा 0.9 ची होती. प्रयोग नीट झाल्याचा हा चांगला पुरावा आहे आणि तो निष्कर्षात यायला हवा.

पहिलीने असं लिहावं: ‘एका अनुनादावरून वेग 327.7 मी./से. आला, 27 अंशाच्या अपेक्षित 347 पेक्षा सुमारे 5.6 टक्के कमी. 0.9 सें.मी. एंड करेक्शन धरल्यास तो 346.1 होतो. राहिलेला फरक वाचनाच्या अनिश्चिततेपेक्षा लहान आहे.’

आणि दुसऱ्याने: ‘दोन अनुनादांवरून 27 अंशाला वेग 344 ± 4 मी./से. आला. अपेक्षित वेग 347. फरक अनिश्चिततेच्या आत आहे. एंड करेक्शन वजाबाकीत निघून जाते. वाचनांवरून ते 0.8 सें.मी. आले. तापमान खोलीचे मोजले आहे, नळीतल्या हवेचे नाही.’